पेपर फुटला शाळेत, पुसायचा पालकांनी

नातीच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी आठवीच्या विज्ञानाच्या पेपरच्या आदल्या रात्री पालकांना एक सूचना पाठवली. ती आधी जशीच्या तशी देते.

"सर्व पालकांना सूचित करण्यात येते की, इयत्ता आठवीच्या विज्ञान विषयाची प्रश्नपत्रिका काही वर्गांच्या पालक ग्रुपवर प्रसारित झाल्याचे निदर्शनास आले आहे. तरी सर्व पालकांनी सदर प्रश्नपत्रिका आपल्या मोबाइलमधून तात्काळ डिलीट करावी व कोणासही पाठवू नये. सूचनेचे उल्लंघन करणाऱ्यांवर कडक कारवाई करण्यात येईल. परीक्षा वेळापत्रकानुसारच होईल. सहकार्य अपेक्षित."

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत निवृत्त झाले. नोकरीतला बराच काळ परीक्षा विभाग माझ्याकडे होता, त्यामुळे प्रश्नपत्रिका कुठून निघते, कुणाच्या हातातून जाते आणि कुठे सांडते हे मला पुरतं ठाऊक आहे. म्हणून या सूचनेची मला चीड आली. पेपर पालकांनी फोडला नव्हता. पालकांना तो आयता मिळाला. तरी दम पालकांना, काम पालकांना आणि सहकार्याची अपेक्षाही पालकांकडूनच. शाळेने त्या रात्री काय केलं, काय करणार आहे, याबद्दल अख्ख्या सूचनेत एक शब्द नाही. 'प्रसारित झाल्याचे निदर्शनास आले आहे' म्हणजे जणू पेपर स्वतःच्या पायांनी चालत ग्रुपवर आला.

सगळ्यात वाईट आहे ते शेवटून दुसरं वाक्य. परीक्षा वेळापत्रकानुसारच होईल. म्हणजे तोच पेपर, त्याच सकाळी, आठ वाजता. झालीही तशीच.

आधी डिलीटचंच बघू, कारण शाळेचा सगळा भर त्यावर होता. फोटो आठवी बच्या ग्रुपवर रात्री नऊच्या सुमारास आला. माझी सून त्या ग्रुपवर आहे. पाठवणाऱ्या आईला कुणीतरी लगेच टोकलं असावं, कारण थोड्याच वेळात तिथे 'हा मेसेज डिलीट करण्यात आला' एवढंच उरलं. पाठवणाऱ्याला आपला मेसेज सगळ्यांसाठी पुसायला व्हॉट्सॲप साधारण दोन दिवसांची मुदत देतं आणि ग्रुपच्या ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही पुसता येतो. पण त्याने पुसला जातो तो त्या ग्रुपवरचा मेसेज. मधल्या वेळात ज्यांनी तो दुसरीकडे पाठवला, ती प्रत वेगळी असते आणि मूळ मेसेज पुसला तरी तिला धक्का लागत नाही. ज्याने स्क्रीनशॉट काढला त्याचा स्क्रीनशॉट राहतो. आयफोनवर फोटो आपोआप सेव्ह होण्याची सोय चालू असेल तर गॅलरीतली प्रतही राहू शकते. शिवाय 'माझ्यासाठी डिलीट' असं एक बटण आहे. ते दाबल्यावर फक्त आपल्या फोनवरून मेसेज जातो आणि पालकाला वाटतं आपण कर्तव्य केलं. सूचनेत यातलं कोणतं डिलीट अपेक्षित होतं, ते शाळेने सांगितलेलं नाही. मला वाटतं, शाळेला ते ठाऊकही नव्हतं.

आणि समजा सगळ्यांनी इमानेइतबारे पुसला. ज्या मुलाने तो फोटो वाचला, त्याच्या डोक्यातून तो कसा पुसणार? आठवीचं पोर चार पानं दहा मिनिटांत वाचतं आणि आख्खी रात्र हाताशी असते. सूचना गेली रात्री दहानंतर, आणि ती गेली आठवीच्या सगळ्या तुकड्यांना. अ आणि ड तुकडीच्या कित्येक घरांत तोवर या पेपरचा पत्ताही नव्हता. मुख्याध्यापिकांच्या सूचनेने तो लागला. उद्याचा पेपर फिरतो आहे आणि उद्या तोच येणार आहे, याची अधिकृत खात्री शाळेने स्वतःच्या लेटरहेडवर दिली. त्यानंतर किती घरांत 'तुझ्याकडे आलाय का गं?' असे फोन गेले असतील, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

पण माझा मुख्य राग यावर नाही. पुसण्याच्या हुकमाने पेपर पुसला गेला नाही, पेपर कुठून फुटला ते सांगणाऱ्या खुणा तेवढ्या पुसल्या गेल्या. त्या खुणा स्पष्ट होत्या. ग्रुपवरचा मेसेज पुसला जाण्याआधी सुनेने काढलेला स्क्रीनशॉट तिने मला दाखवला आणि मी तिला म्हटलं, 'पुसू नकोस, पुढे कुणाला पाठवूही नकोस, मला नीट बघू दे.'

फोटो कागदाचा नव्हता. पांढऱ्या भागावर बारीक रंगीत लाटा दिसत होत्या. संगणकाच्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढला की अशा लाटा येतात. छापलेल्या कागदाच्या फोटोवर त्या येत नाहीत. खालच्या कोपऱ्यात एका ओळीच्या शेवटी टाइप करताना दिसते ती उभी रेघ होती. म्हणजे फाइल नुसती बघण्यासाठी नाही, टाइप करण्यासाठी उघडलेली होती. वर शाळेचं नाव, सत्र, गुण, वेळ सगळं होतं. ज्याला परीक्षेच्या कामाची थोडीफार सवय आहे, त्याला एवढ्यावरून कळतं की हा पेपर छापून, मोजून, गठ्ठे बांधून कपाटात ठेवल्यानंतर फुटलेला नाही. कपाटाच्या किल्ल्या, शिपाई, गठ्ठे नेणारे पर्यवेक्षक, परीक्षेच्या सकाळी वर्गावर असणारे शिक्षक हे सगळे त्या क्षणी संशयातून बाहेर पडतात.

दुसरी खूण दुसऱ्या दिवशी मिळाली. नात पेपर घेऊन घरी आली आणि मी दोन्ही शेजारी ठेवले. 'बल व दाब' या धड्यावर एक उदाहरण होतं. फोटोत ते असं होतं: 50 न्यूटन वजनाचा ठोकळा 5 चौरस मीटर पृष्ठभागावर ठेवला आहे, दाब काढा. छापील प्रश्नपत्रिकेत 5 च्या जागी 0.5 होतं. बाकी पेपर शब्दनशब्द तोच. म्हणजे टाइप करताना दशांश चिन्ह सुटलं होतं, कुणीतरी प्रूफ वाचताना ते पकडलं, दुरुस्त केलं आणि मग पेपर छपाईला गेला. फोटो त्या दुरुस्तीच्या आधीचा आहे.

आता या दोन खुणा एकत्र करा. पेपर पडद्यावरून टिपलेला आहे आणि दुरुस्तीच्या आधी टिपलेला आहे. शाळेच्या घटक चाचणीचा किंवा सत्र परीक्षेचा पेपर सहसा असा तयार होतो: विषयशिक्षिका संविधान तक्त्याप्रमाणे प्रश्न काढते, हाताने किंवा घरी टाइप करून देते. ऑफिसात किंवा बाहेरच्या टायपिंगवाल्याकडे तो नीट मांडला जातो. विषयशिक्षिका किंवा परीक्षा विभागातलं कुणी प्रूफ वाचतं. मग रिसो मशीनवर प्रती निघतात. दुरुस्तीच्या आधीची फाइल ज्यांच्यासमोर उघडी असू शकत होती, अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यांतल्या कुणी पेपर विकला असं मी म्हणत नाही. ऑफिसच्या संगणकावर 'परीक्षा' नावाचा फोल्डर उघडा असतो, त्याच संगणकावर कुणाचं तरी व्हॉट्सॲप वेब दिवसभर चालू असतं, फी भरायला आलेले पालक काउंटरपलीकडे उभे असतात, कुणाचा तरी मुलगा शाळा सुटल्यावर त्या खुर्चीत बसून खेळत असतो. हे मी कित्येक शाळांतून डोळ्यांनी बघितलं आहे. निष्काळजीपणाही असू शकतो. पण तो शाळेच्या चार भिंतींतला निष्काळजीपणा आहे, आठवी बच्या आयांचा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तिसरी खूण मेसेजवरच होती. फोटोच्या वर 'फॉरवर्डेड' असा एका बाणाचा शिक्का होता. एखादा मेसेज मूळ पाठवणाऱ्यापासून पाच किंवा जास्त हातांतून पुढे गेला की व्हॉट्सॲप त्यावर दोन बाण दाखवतं आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवू देतं. एकच बाण म्हणजे ग्रुपवर येईपर्यंत त्याचा प्रवास लांबचा नव्हता. या खुणेला मर्यादा आहे, हे मान्य. मधल्या कुणी फोटो सेव्ह करून गॅलरीतून नव्याने पाठवला असेल तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणून एकट्या बाणावर विसंबता येत नाही. पण आठवीच्या चार ग्रुपवर तो किती वाजता आला, कोणत्या ग्रुपवर आधी आला, कुणाकडे तो ट्यूशनच्या ग्रुपवरून आला, हे जुळवलं असतं तर साखळी मागे मागे नेता आली असती. एका आईने मला नंतर सांगितलं की तिच्या मुलाच्या क्लासच्या ग्रुपवर तो संध्याकाळीच आला होता. तिने तो पुसला. शाळेने सांगितलं म्हणून पुसला. तो कुणी टाकला होता, ते आता तिला आठवत नाही आणि दाखवायला तिच्याकडे काही नाही.

साखळी मागे नेता येते, हे मी मनाने सांगत नाही. मार्च 2018 मध्ये सीबीएसईच्या बारावीच्या अर्थशास्त्राचा पेपर फुटला, तेव्हा हाताने लिहिलेली प्रत फिरत होती. हस्ताक्षर कुणाचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पोलिसांनी ग्रुपचे ॲडमिन, विद्यार्थी, त्यांचे फोन असं करत शोध मागे नेला आणि तो थेट हिमाचलमधल्या उना इथे पोचला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तिथला एक शिक्षक बँकेतून संगणकशास्त्राचा पेपर आणायला गेला होता. त्याने अर्थशास्त्राचं पाकीटही उचललं आणि आपलं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून एका विद्यार्थ्याकडून तो उतरवून घेतला. एवढी काळजी घेऊनही तो सापडला, कारण लोकांच्या फोनमध्ये ते मेसेज होते. त्याच परीक्षेत दिल्लीच्या एका केंद्रावर ठरलेल्या वेळेआधी पाकीट उघडून फोटो काढल्याचा प्रकारही बाहेर आला, त्यात दोन शिक्षक आणि एक खासगी शिकवणीवाला पकडले गेले. त्या वेळी मंडळाने देशभरातल्या पालकांना 'मेसेज पुसा' असं सांगितलं असतं, तर यातलं काय हाती लागलं असतं?

आणि मंडळाने अर्थशास्त्राचा पेपर पुन्हा घेतला, 25 एप्रिलला. दहावीच्या गणिताची फेरपरीक्षा आधी जाहीर करून मग रद्द केली, त्यावर लोकांनी भरपूर टीका केली आणि ती योग्यच होती. पण निदान प्रश्न विचारला गेला: फुटलेल्या पेपरवर दिलेले गुण खरे कसे मानायचे? आमच्या शाळेने हा प्रश्न स्वतःला विचारलाच नाही.

आपल्या राज्य मंडळाचंही उदाहरण घ्या. 2017 मध्ये बारावीचे काही पेपर परीक्षा सुरू होण्याच्या थोडं आधी मुंबईत व्हॉट्सॲपवर फिरले. त्यानंतर मंडळाने पंचवीस पंचवीस प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटं थेट वर्गात, मुलांसमोर उघडायची पद्धत आणली. अकराच्या पेपरला दहा मिनिटं आधी प्रश्नपत्रिका द्यायची सवलत होती, ती 2023 मध्ये काढली आणि ती दहा मिनिटं शेवटी वाढवून दिली. एवढं करूनही बारावीच्या गणिताचा पेपर त्याच वर्षी 3 मार्चला बुलडाणा जिल्ह्यात फुटला, विधानसभेत गाजला, शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला. म्हणजे मंडळाची व्यवस्था अभेद्य आहे असं मुळीच नाही. पण प्रत्येक वेळी मंडळाने बदल केला तो पाकीट, वेळ आणि केंद्र यांत, म्हणजे आपल्या ताब्यात असलेल्या गोष्टींत. शाळेच्या ताब्यात तिचा संगणक होता, तिचा परीक्षा विभाग होता, दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. त्यातल्या एकालाही तिने हात लावला नाही.

'कडक कारवाई'बद्दल थोडंच सांगते. कुठल्या कायद्याखाली? केंद्राचा 2024 चा सार्वजनिक परीक्षांचा कायदा लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग, रेल्वे भरती, बँक भरती, एनटीए अशा परीक्षांसाठी आहे. राज्याचा 1982 चा कायदा विद्यापीठ, मंडळ आणि शासनाने ठरवून दिलेल्या परीक्षांसाठी आहे. शाळेची आठवीची सत्र परीक्षा यांतल्या कशात बसत नाही. आणि जिला न मागता फोटो आला, त्या आईने केलं तरी काय, की तिच्यावर कारवाई व्हावी? हा दम पोकळ आहे आणि पोकळ दमाचा एकच परिणाम होतो: ज्यांच्याकडे माहिती आहे ती माणसं घाबरून गप्प बसतात. त्या रात्री नेमकं तेच झालं.

पालकांनाही मी सोडणार नाही. ग्रुपवर टाकणाऱ्या आईने खाली 'फक्त प्रॅक्टिससाठी' असं लिहिलं होतं. आठवीतल्या मुलासाठी उद्याच्या पेपरची प्रॅक्टिस! काहींनी मुलांना शेजारी बसवून तो सोडवून घेतला, हे मला पक्कं कळलं आहे आणि ते लाजिरवाणं आहे. पण त्यांच्या वागण्याची शिक्षा शाळेने दिली ती त्यांना नव्हे. ती दिली त्यांना, ज्यांनी फोटो उघडला नाही.

माझ्या नातीने तो बघितला होता. मुद्दाम नाही, आईच्या फोनवर आलेला मेसेज उघडला आणि पहिलं पान समोर. ती रात्री माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आजी, मी पहिले तीन प्रश्न वाचले. आता उद्या ते सोडून देऊ का? का मुद्दाम थोडं चुकवू?" तेरा वर्षांची मुलगी. शाळेच्या सूचनेत तिच्यासाठी काय होतं? डिलीट करा. एवढंच. मी तिला सांगितलं की तू काही चोरलेलं नाहीस, जे येतं ते लिही, आणि सकाळी वर्गशिक्षिकेला स्वतः सांग. तिने सांगितलं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "बरं, बस आता जागेवर." मुलीने प्रामाणिकपणे सांगितलेली गोष्ट कुणी लिहूनसुद्धा घेतली नाही.

पेपर तपासून हातात आल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. नातीच्या मैत्रिणीची उत्तरपत्रिका तिच्या आईने मला दाखवली, मुलीचे गुण कमी का झाले म्हणून. दाबाच्या उदाहरणात मुलीने दिलेली माहिती लिहिली होती: 'वजन = 50 न्यूटन, क्षेत्रफळ = 5 चौ.मी.' आणि उत्तर 10 पास्कल. बरोबर उत्तर 100 पास्कल. बाईंनी लाल शाईने काट मारून शेजारी 'प्रश्न नीट वाचा' असा शेरा दिला होता. दशांश चिन्ह चुकून 10 उत्तर येणं अगदी शक्य आहे, आठवीत ती नेहमीची चूक आहे, त्यामुळे नुसत्या उत्तरावरून काही सिद्ध होत नाही. पण समोरच्या प्रश्नपत्रिकेत 0.5 छापलेलं असताना माहितीच्या ओळीतच कुणी 5 लिहितं, तेव्हा तो आकडा आदल्या रात्रीच्या फोटोतून आलेला असण्याची शक्यता मोठी असते. मी त्या आईला काही बोलले नाही, मुलीला तर नाहीच. शाळेने मात्र चारही तुकड्यांच्या उत्तरपत्रिकांत हे एक उदाहरण काढून बघितलं असतं, तर कोणत्या तुकडीत, कोणत्या क्लासच्या मुलांत ही चूक एकगठ्ठा आहे ते अर्ध्या दिवसात दिसलं असतं. मुलांना शिक्षा करण्यासाठी नाही. पेपर कुठल्या दिशेने पसरला ते कळण्यासाठी. आणि निदान तो एक पेपर रद्द करायला पुरेसं कारण म्हणून.

मी मुख्याध्यापिकांना भेटले. वेळ दिली, चहा दिला, बसवून घेतलं, त्याबद्दल तक्रार नाही. मी फोटो आणि छापील पेपर त्यांच्यासमोर ठेवला. लाटा दाखवल्या, 5 आणि 0.5 दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, तुम्ही तर यातल्याच आहात. आता पेपर झाला, मार्क लागले. हे वाढवलं तर शाळेचं नाव खराब होईल." मी म्हटलं, "मॅडम, नाव ज्याने खराब केलं तो तुमच्या ऑफिसातल्या त्या संगणकाजवळ होता. त्याला तुम्ही अजून एक प्रश्न विचारलेला नाही. आठवीच्या सगळ्या पालकांना मात्र दम दिलात." त्या म्हणाल्या, "एका रात्रीत आम्ही काय करू शकणार होतो?"

हा प्रश्न मी मनावर घेतला आहे, कारण याचं उत्तर आहे आणि ते अवघड नाही.

रात्री साडेनऊला कळलं. पहिली सूचना अशी जायला हवी होती: विज्ञानाचा फुटलेला पेपर उद्या येणार नाही, प्रश्नपत्रिका वेगळी असेल, मुलांनी नेहमीसारखा अभ्यास करून झोपावं. या एका ओळीने फोटोची किंमत शून्य झाली असती, आणि तो कुणी पुढे पाठवला तरी काही बिघडलं नसतं. दुसरी ओळ: फोटो पुढे पाठवू नका, पण पुसूही नका. तो कुठल्या ग्रुपवरून, किती वाजता आला हे दिसेल असा स्क्रीनशॉट फक्त या एका नंबरवर पाठवा. तुमच्यावर काहीही ठपका येणार नाही. मला खात्री आहे, रात्री बाराच्या आत वीस तरी स्क्रीनशॉट आले असते आणि ते वेळेप्रमाणे लावल्यावर अर्धं काम झालं असतं. तिसरं काम ऑफिसचं: त्या संगणकाला कुणी हात लावायचा नाही, फोल्डर पुसायचा नाही, आणि ज्यांचं व्हॉट्सॲप तिथे जोडलेलं आहे त्यांनी आपल्या फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हायसेस'ची यादी आधी टिपून मगच लॉग आउट व्हायचं. तो संगणक शेवटचा कधी वापरात होता, ते त्या यादीत दिसतं.

राहिला नवा पेपर. आमच्या काळी प्रत्येक विषयाचे दोन संच काढायचो, अ आणि ब. ब संच सीलबंद मुख्याध्यापकांच्या कपाटात. तो संच नसला तरी विषयशिक्षिका त्याच संविधान तक्त्यावर रात्री दोन तासांत पेपर बदलू शकते. गुणांची वाटणी तीच, धडे तेच, प्रश्न वेगळे. ठोकळ्याच्या जागी टाचेचा बूट घ्या, आकडे बदला. आठवीच्या चार तुकड्या म्हणजे धरा दोनशे चाळीस मुलं, चार पानांचा पेपर म्हणजे दोन कागद, चारशे ऐंशी कागद. रिसो मशीन मिनिटाला शंभराच्या आसपास पानं काढतं. मास्टर बदलण्याचा वेळ धरूनही अर्धा तास. मशीन बंद पडलं तर फळा आहे. विज्ञानाचा पेपर फळ्यावर लिहून घेतलेल्या पिढीची मी आहे आणि त्या पेपरांचे गुण आजही माझ्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रकांवर आहेत. यातलं काहीच जमत नसेल तर पेपर दोन दिवसांनी घ्या. आठवीची सत्र परीक्षा ही काही प्रवेश परीक्षा नाही की दोन दिवसांनी आभाळ कोसळेल.

एक गोष्ट मुख्याध्यापिकांच्या बाजूने सांगायला हवी. बऱ्याच शाळा आता स्वतः पेपर काढतच नाहीत. तालुक्याच्या मुख्याध्यापक संघाकडून किंवा खासगी प्रकाशकाकडून एकच छापील पेपर घेतात, आणि एका शाळेत तो सोमवारी होतो, दुसरीत गुरुवारी. अशा वेळी सोमवारी दुपारी पेपर फिरू लागला तर गुरुवारच्या शाळेचा दोष किती, हा वेगळा वाद आहे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या चाचण्यांच्या प्रश्नपत्रिकाही यूट्यूबवर फिरल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. पण इथे तो प्रश्नच नाही. पेपरवर शाळेचं नाव आहे, पेपर शाळेतच काढलेला आहे, आणि फोटो शाळेच्या पेपराच्या कच्च्या फाइलचा आहे. त्यामुळे दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला जागा उरत नाही.

म्हणून पालक-शिक्षक संघामार्फत मी आणि काही पालकांनी लेखी अर्ज दिला आहे. त्यात तीनच मागण्या आहेत. विज्ञानाचा तो पेपर सत्राच्या निकालातून वगळावा किंवा पुन्हा घ्यावा. दुरुस्तीच्या आधीची फाइल कोणत्या संगणकावर होती आणि तो कुणाकुणाच्या वापरात होता, हे शाळेने लेखी सांगावं. द्वितीय सत्रापासून प्रत्येक विषयाचा दुसरा संच तयार असावा आणि परीक्षेच्या फाइली असलेल्या संगणकावर कुणाचंही व्हॉट्सॲप जोडलेलं नसावं. अर्जावर शाळेचा शिक्का आणि पोच आहे. उत्तर अजून नाही. संघाची पुढची सभा महिनाअखेरीला आहे. अध्यक्षांनी कार्यक्रमपत्रिकेत स्नेहसंमेलन, गणवेश आणि बसभाडं हे विषय घेतले आहेत, हा घेतलेला नाही. तो त्यात घालायला मी लेखी सांगितलं आहे, आणि नाही घातला तरी सभेत उभी राहून पहिला प्रश्न मी तोच विचारणार आहे: ती फाइल कुणाच्या संगणकावर उघडी होती?